सुळा, तार आणि बावीस तास

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे, आता कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मोबाइलवर जाहिरात बघितलेली असते. माझ्या दवाखान्यात तिशी-चाळिशीतली माणसं येतात, ग्रामसेवक, नर्सताई, बँकेतले, शाळेतले, आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, “मॅडम, तारा नको. ते पारदर्शक बसवून द्या.” या वयात तोंडात तारा दिसू नयेत हे एक कारण असतंच. दुसरं कारण मात्र आमच्या भागाचं आहे. दात सरकवणारा तज्ज्ञ, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, तालुक्याला रोज मिळत नाही. माझ्याकडे ते नागपूरहून महिन्यातल्या दोन रविवारी येतात, बाकीचे दिवस मी आहे ती साधी बीडीएस. तारा लावल्या की दर महिन्याला दवाखान्याची चक्कर आली. अलाइनरचा डबा एकदा घरी आला की आपण आणि आपलं तोंड, असा लोकांचा हिशोब असतो.

या हिशोबात एक गोष्ट राहून जाते. कोणता दात कुठून कुठे न्यायचा आहे, हे आधी बघावं लागतं. पुष्कळदा निर्णय तिथेच होऊन जातो आणि आवडनिवड, पैसा, अंतर हे सगळं त्याच्या मागून येतं. हे मला नीट उमगलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका मॅडमच्या केसमध्ये. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव वगळून लिहिते आहे.

वय चौतीस. वरचा उजवा सुळा ओळीच्या बाहेर, उंचावर आलेला, हसल्या की आधी तोच दिसायचा. शेजारचा दात त्याच्या मागे दबलेला. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. लग्नाआधी करायचं राहून गेलं, मग दोन बाळंतपणं, मग बदली. आता स्वतःच्या पगारातून करायचं त्यांनी ठरवलं होतं. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांचा प्रश्न सरळ होता: “आता या वयात कायले तारा लावतं वं बाई?” त्यावर मॅडम म्हणाल्या, “तारा नाहीच लावत आहे, आई.” आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

फोनवर एक व्हिडिओ होता. एका कंपनीच्या माणसाने अमरावतीत त्यांच्या दातांचं स्कॅनिंग केलं होतं आणि आठवड्याभरात ही चित्रफीत पाठवली होती. २४ साचे, बारा महिने, ७८ हजार रुपये. व्हिडिओत तो सुळा अलगद खाली उतरून ओळीत बसत होता आणि खालचे दात सुटे होऊन सरळ उभे राहत होते. बघायला खरंच छान वाटतं. पण त्या व्हिडिओत हाड नसतं, हिरडी नसते, दाताचं मूळ बहुतेक वेळा दिसतही नाही. दात अमुक जागी न्यायचे ठरवले तर ते असे दिसतील, एवढंच तो सांगतो. ते तिथवर जातीलच, हे तो सांगत नाही. मी विचारलं, एक्स-रे काढला होता का? नव्हता.

मोठ्या माणसाच्या बाबतीत माझी पहिली हरकत इथेच असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं हाड बहुधा शाबूत असतं. तिशीनंतर हिरडीचा आजार आतून हाड खात बसलेला असू शकतो, दुखत काहीच नाही. अशा हाडात दात ढकलायला गेलं, तारेने ढकला की प्लास्टिकने, तर दात हलायला लागतो आणि आजार वेगाने वाढतो. म्हणून पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला आम्ही ओपीजी म्हणतो, आणि चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे, हे दोन्ही हवेतच. मॅडमच्या खालच्या पुढच्या दातांमागे किटण साचलेलं होतं आणि तिथलं हाड थोडं उतरलेलं होतं. फार नाही, पण होतं. म्हणजे आधी हिरड्यांची साफसफाई, मग काही आठवडे थांबून हिरडीतून रक्त येणं बंद झालं का ते बघणं, आणि त्यानंतर कुठे दात हलवायची गोष्ट.

मग रविवारी ऑर्थोडॉन्टिस्ट सर आले. त्यांनी दातांच्या ठशावर मोजमाप घेतलं. ही मोजणी कुणालाही समजेल अशी आहे. पुढच्या दातांची एकेक रुंदी मोजून बेरीज करायची, मग त्यांना बसायला जबड्याच्या कमानीत जागा किती आहे ते मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे जागेची तूट. मॅडमची वर ७ मिलिमीटर आणि खाली ५ मिलिमीटर तूट निघाली. ढोबळ मानाने तूट ३-४ मिलिमीटरपर्यंत असेल तर दातांच्या बाजू किंचित घासून, म्हणजे दोन दातांमध्ये फार तर अर्धा मिलिमीटर जागा काढून, आणि कमान थोडी रुंद करून काम भागतं. ८-९ च्या वर गेली की बहुतेक वेळा दात काढून जागा करावी लागते. मधल्या पट्ट्यात दोन डॉक्टर दोन मतं देऊ शकतात, आणि मॅडम नेमक्या त्याच पट्ट्यात होत्या.

कंपनीच्या आराखड्यात कमान रुंद करून आणि पुढचे दात आणखी पुढे झुकवून ही जागा काढली होती. सरांनी बाजूचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मॅडमना ओठ मिटायला सांगितलं. ओठ मिटताना त्यांच्या हनुवटीवर बारीक खळगे पडत होते, म्हणजे ओठ जोर लावून मिटावे लागत होते. दात आधीच पुढे होते. ते अजून पुढे नेले असते तर सुळा ओळीत आला असता, पण ओठ मिटेनासे झाले असते, आणि खालच्या पातळ हाडाच्या कडेबाहेर मुळं जाऊन हिरडी खाली सरकायचा धोका होता. सरांचं मत पडलं की दोन्ही जबड्यांतल्या दोन-दोन, अशा चार उपदाढा काढाव्या. एका उपदाढेची जागा साधारण ७ मिलिमीटर. त्यात गर्दीही मावते आणि पुढचे दात थोडे मागेही घेता येतात.

उपदाढा काढायचं ठरलं तिथे अलाइनरची बाजू लंगडी पडली. का, ते सांगते, कारण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचा पातळ प्लास्टिकचा साचा. प्रत्येक साचा तुमच्या दातांच्या आजच्या जागेपेक्षा किंचित वेगळा बनवलेला असतो, एका दातामागे सुमारे पाव मिलिमीटर. साचा चढवला की तो दाताला त्या पाव मिलिमीटरकडे ढकलतो. आठवडा-दोन आठवड्यांनी दात तिथे पोहोचला की पुढचा साचा. अशा पद्धतीने दात बाहेर-आत झुकवणं, लहान फटी मिटवणं, थोडी गर्दी सोडवणं चांगलं जमतं. प्लास्टिक ढकलायला चांगलं असतं, धरून ओढायला त्याची पकड अपुरी पडते. सुळा खाली निमुळता होत जातो. त्याला खाली ओढायला गेलं की ओल्या मुठीतून साबणाची वडी निसटावी तसा साचा निसटतो. म्हणून दातावर दाताच्याच रंगाच्या सिमेंटचे लहान उंचवटे चिकटवतात, कधी बटण लावून रबर बँडने ओढ देतात. त्याने बरंच काम होतं, पण मग ‘काहीच दिसत नाही’ ही गोष्ट उरत नाही.

याहून अवघड आहे ७ मिलिमीटरची रिकामी जागा मिटवणं. दात त्या जागेत नुसता कलंडून चालत नाही, मूळ धरून उभाच्या उभा सरकावा लागतो. प्लास्टिक दाताच्या डोक्याला धरतं, मूळ खाली हाडात असतं. डोकं पुढे जातं, मूळ मागे राहतं, दात खड्ड्याकडे वाकतो. साचाही काढलेल्या दाताच्या जागी कमजोर असतो, मधोमध लवतो. परिणाम असा की जागा वरून मिटलेली दिसते आणि एक्स-रेत मुळं फाकलेली असतात. अशी जागा पुन्हा उघडायला वेळ लागत नाही. तारेच्या पद्धतीत दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला चौकोनी खाच असते आणि त्यात शेवटी चौकोनी तार बसते. चौकोनी तार खाचेत फिरत नाही, त्यामुळे डॉक्टरला मुळाची दिशा हातात ठेवता येते. निष्णात डॉक्टर दात काढलेल्या केसही अलाइनरने करतात, हे मला माहीत आहे. पण त्यासाठी वारंवार तपासणी, मध्येच नवं स्कॅनिंग, कधी शेवटी काही महिने तारा, असं सगळं लागतं. नागपुरात राहणाऱ्याला ते जमेल. आर्वीच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्याला अलाइनर ज्या सोयीसाठी हवा होता, तीच सोय त्यात निघून जाते.

मॅडमना हे लगेच पटलं नाही. त्या गणित शिकवतात, त्यांनी आकडे मागितले. सरांनी अलाइनरची अट सांगितली होती: दिवसाचे २० ते २२ तास साचा दातांवर हवा. खाताना काढायचा, पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचा, दात घासून मग परत चढवायचा. म्हणजे काढून ठेवायला दिवसाचे जेमतेम दोन ते चार तास. मी म्हटलं, आठवडाभर वहीत नोंद करा, साचा आहे असं समजून. त्यांनी खरंच केली, आणि ती वही मी बघितली आहे.

सकाळी उठल्याबरोबर चहा. पोहे. शाळेत पोहोचल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा. मधल्या सुटीत पोषण आहाराची चव घ्यावी लागते, ते कामच आहे. मग डबा. दुपारी एखाद्या पालकाच्या घरी गेल्या तर चहा, आणि आमच्याकडे चहा नाही म्हटलं तर पालक रुसतो. संध्याकाळी घरी चहा, वर मुलांच्या हातातलं थोडं काही. रात्रीचं जेवण. चहा पाच मिनिटांचा असतो, पण साचा बाहेर राहतो पंचवीस मिनिटं, कारण गप्पा असतात, आणि शाळेच्या नळाशी उभं राहून दात घासायचं सुचत नाही. बेरीज साधारण साडेचार तासांवर गेली. लग्नाचा एक दिवस त्यात आला, त्या दिवशी सहाच्या वर. साचा साडेएकोणीस तास, कधी अठराहून कमी तास बसला असता. इतका कमी वेळ बसला तर दात साच्यामागे पडत जातो. पहिल्या दोन-चार साच्यांत ते कळत नाही, सहाव्या-सातव्या साच्याला दाताच्या कडेशी आणि प्लास्टिकमध्ये फट दिसू लागते, उंचवटा आपल्या खोबणीत बसत नाही. फट दिसली की त्याच साच्यावर आणखी काही दिवस थांबायचं, रबराची गुंडाळी चावून साचा दाबून बसवायचा. तरी फट राहिली तर पुन्हा स्कॅनिंग आणि नवे साचे. पुढचा साचा दामटून चढवला तर तो बसल्यासारखा वाटतो, काम करत नाही.

ही शिस्त जमणारी माणसं आहेत. त्यांना दिवसात दोनदा जेवायची सवय असते, चहा सुटलेला असतो, खिशात साच्याची डबी असते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला मात्र मी अलाइनर देतच नाही. दर तासाला तोंडात खर्रा जातो त्याचे बावीस तास कुठून येणार, आणि त्याच्या हिरड्यांचा प्रश्न त्याआधी सोडवायला हवा. आमच्या भागात आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. साचा गरम पाण्याने धुवायचा नाही आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही, उष्णतेने त्याचा आकार बिघडतो. आणि पंगतीत तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही. तो पत्रावळीबरोबर जातो आणि नवा कुरिअरने येईपर्यंत दात मागे फिरतात.

तारेला शिस्त लागत नाही असं नाही. पण ती दुसऱ्या प्रकारची आहे. तार चोवीस तास काम करते, तुम्ही विसरलात तरी करते. तुमच्याकडे राहतात दोन कामं, स्वच्छता आणि जपणूक. ब्रॅकेटभोवती अन्न अडकतं, दोन दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश रोज रात्री फिरवावा लागतो, नाहीतर तार निघाल्यावर दातावर पांढरे डाग राहतात. आणि आमचं खाणं तारेला मानवणारं नाही. रोडगे, भाजलेल्या शेंगा, बोरं, ऊस, हुरड्याबरोबरचे कडक फुटाणे, यांतलं काहीही ब्रॅकेट उडवतं. रोडगे कुस्करून वरणात भिजवून खायचे. सुटलेला ब्रॅकेट पुढच्या तारखेपर्यंत तसाच ठेवला तर तो दात तेवढे आठवडे थांबून राहतो, कधी मागे फिरतो. तार टोचली तर मेणाची गोळी लावून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचं, त्यासाठी रविवारची वाट बघायची नाही. तालुक्याला साधा दंतवैद्य असणं इथे कामी येतं. टोचणारं टोक कापणं, सुटा ब्रॅकेट चिकटवणं मी करू शकते. अलाइनरचा साचा बसेनासा झाला तर मी फोटो काढून पाठवण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

आता पैसा. कंपनीचे ७८ हजार, आमच्याकडे धातूच्या तारेचे ४२ हजार, दातांच्या रंगाच्या सिरॅमिकचे ५५ हजार. नागपुरात नामांकित विदेशी कंपनीच्या अलाइनरचा दर मॅडमना दोन लाखांच्या वर सांगितला होता. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या महाविद्यालयात तारेचं काम खासगीपेक्षा बरंच स्वस्तात होतं. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एमडीएसचे विद्यार्थी उपचार करतात आणि काम चांगलं असतं. पण ओपीडी कामाच्या दिवशी, थांबावं लागतं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचा भार कमी झाला, रजेचा भार तसाच आहे. एमडीएस तीन वर्षांचं असतं, म्हणून मी लोकांना सांगते की तिथे जायचं तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस सुरू व्हावी असं बघा, म्हणजे मध्येच हात बदलणार नाही.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचं मला वाटतं ते पैसा कधी जातो हे. तारेत सुरुवातीला थोडी रक्कम आणि मग दर तारखेला दीड-दोन हजार. सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही, एखादा महिना मागे-पुढे झाला तरी डॉक्टर सांभाळून घेतो, आणि मध्येच थांबायची वेळ आली तर पुढचे पैसे तुमच्या खिशातच असतात. अलाइनरचे सगळे साचे आधीच तयार होतात, त्यामुळे पैसाही आधी जातो, नाहीतर फायनान्स कंपनीचा हप्ता बसतो. आठव्या साच्याला जमेना म्हणून सोडलं, तरी हप्ता चालूच. म्हणून अलाइनर घेणाऱ्याने लेखी विचारून घ्यावं की दात ठरल्या जागी पोहोचले नाहीत तर नवं स्कॅनिंग आणि वाढीव साचे याच किमतीत आहेत का, आणि किती वेळा. हरवलेल्या साच्याचे किती. सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या शेवटच्या रिटेनरचे किती. मॅडमच्या ७८ हजारांत वाढीव साचे एकदाच होते, रिटेनर नव्हता, हिरड्यांची सफाई आणि एक्स-रे तर नव्हतेच.

गेल्या वर्षी मी एका तरुणाला आनंदाने अलाइनरकडे पाठवलं. पंधराव्या वर्षी त्याच्या तारा होऊन गेल्या होत्या, रिटेनर घालायचा सोडल्याने खालचे दोन दात पुन्हा तिरके झाले होते. तूट दोन मिलिमीटर, हाड उत्तम, दुकानात बसून काम, खाणं वेळेवर. बारा साच्यांत काम झालं. तारेचा पसारा त्याला कशाला हवा होता?

मॅडमनी वर सिरॅमिक आणि खाली धातू असं घेतलं. खाली सिरॅमिक आम्ही टाळतो, कारण चावताना वरचे दात त्यावर घासले तर वरच्या दातांची झीज होते, सिरॅमिक दाताच्या आवरणापेक्षा कडक असतं. सिरॅमिक ब्रॅकेटभोवतीच्या रबरी कड्या हळदीने चार दिवसांत पिवळ्या पडतात, तर्री-पोह्याने दोन दिवसांत. ब्रॅकेट तसाच राहतो, कड्या दर तारखेला बदलतात. त्यांनी तारेनेच बांधून मागितलं आणि तो प्रश्न संपवला.

सुरुवातीचे सहा-सात महिने बारीक, लवचिक तारेने ओळ सरळ करण्यात गेले. सुळा खाली आला तो याच काळात. नंतर जाड स्टीलच्या तारेवर जागा मिटवायला घेतल्या. इथे घाई चालत नाही, महिन्याला साधारण एक मिलिमीटर हा मोठ्या माणसाच्या हाडाचा वेग आहे, जोर वाढवला तर दात लवकर येत नाही, मूळ झिजतं. वर्गातल्या मुलांनी पहिल्या दिवशी विचारलं, मॅडम, दातात काय आहे? त्यांनी फळ्यावर चित्र काढून ब्रॅकेट आणि तार समजावून सांगितली. सासूबाई आता रोडगे वरणात कुस्करूनच वाढतात.

तारा निघाल्यावर खालच्या सहा दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटेल आणि वर रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर येईल. तो अलाइनरच्याच जातीचा साचा असतो, पण फक्त झोपेत. रात्री चहा नाही, पालक नाही, पंगत नाही, त्यामुळे तो त्यांना जमेल असं मला वाटतं. वर्षा-दोन वर्षांनी तो झिजतो, नवा करावा लागतो, त्याचे पैसे वेगळे, हे मी आत्ताच सांगून ठेवलं आहे.

सध्या वरच्या जागा मिटल्या आहेत, खालची डावी जागा एखाद मिलिमीटर बाकी आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा ओपीजी काढायचा आहे. काढलेल्या दातांच्या दोन्ही बाजूंची मुळं समांतर दिसली तर शेवटची तार बसेल, फाकलेली दिसली तर सर दोन ब्रॅकेट काढून थोड्या वेगळ्या कोनात पुन्हा चिकटवणार आहेत.